ओढणीवर नाव कुणाचं लिहायचं?

प्रश्न: "धार जिल्ह्यातल्या कारागिरांची आमची सहकारी संस्था आहे, ऑनलाइन दुकान आम्ही इंदूरहून चालवतो. माल मुख्यतः बाग प्रिंटचा: ओढण्या, साड्या, चादरी. प्रत्येक वस्तूखाली कारागिराची गोष्ट आणि ती वस्तू कुठे, कशी झाली हे द्यायचं ठरलंय. पण एका ओढणीला पाच-सहा जणांचे हात लागतात, नाव कुणाचं लिहायचं? गावात जाऊन मुलाखती घेतल्या तर सगळ्यांच्या गोष्टी एकसारख्याच निघाल्या. आणि एका ताईंनी 'नॅचरल कलर म्हणजे नेमकं काय?' असं विचारलं तेव्हा आम्हाला सांगता आलं नाही. सुरुवात कुठून करावी?"

कॅमेरा आणि मुलाखती जरा बाजूला ठेवा. सुरुवात लॉटच्या वहीपासून करा.

मी इंदूरला राहते आणि माळवा-निमाडातल्या विणकाम-छपाईच्या संस्थांसाठी हेच काम करते. तुमच्या तिन्ही अडचणींच्या मुळाशी मला एकच गोष्ट दिसते. दुकानातलं पान 'वस्तू' या एककावर उभं असतं: ओढणी, लाल-काळी, अमुक किंमत. बाग गावातलं काम मात्र लॉटने चालतं. तीस-चाळीस नग एकत्र खाऱ्यात भिजतात, एकत्र धुतले जातात, एकाच भट्टीत उकळतात. कुणाचा हात कशाला लागला, पाणी कुठलं होतं, लाल रंगाला काय वापरलं, ही माहिती लॉटची असते. ती त्या वेळी लिहून ठेवली नाही तर नंतर कितीही मुलाखती घ्या, माणसं आठवून आठवून तेच सर्वसाधारण सांगणार.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर ठरतील, त्या आधीच सांगते. सगळं काम एकाच कारखान्याच्या आवारात होत असेल तर वही सोपी जाते. छपाई एकाकडे, धुणं दुसऱ्याकडे आणि भट्टी सामायिक असेल तर लॉटबरोबर एक चिठ्ठी फिरवावी लागते. माल फार थोडा असेल तर प्रत्येक नगाला वेगळा क्रमांक देणंही जमतं. तुमच्याकडे चादरीसुद्धा आहेत म्हणजे नग बरेच असणार, त्यामुळे मी लॉट धरूनच लिहिते.

आता नाव कुणाचं, हे ठरवायला काम कसं होतं ते पुन्हा एकदा टप्प्याटप्प्याने डोळ्यांसमोर आणा. कोरं कापड धुऊन झालं की ते 'खारं' करतात: खडे मीठ, बकरीच्या लेंड्या आणि एरंडेल यांच्या पाण्यात भिजवून पायांनी तुडवायचं, वाळवायचं, पुन्हा तेच. मग हिरड्याच्या पाण्यात बुडवून उन्हात टाकलं की कापड पिवळसर होतं. त्यानंतर छपाई. काळ्यासाठी लोखंडाचा रंग आणि लालसाठी तुरटी, दोन्ही चिंचोक्याच्या खळीत घट्ट केलेले. छापलेलं कापड आठ-दहा दिवस तसंच राहू देतात. मग नदीच्या वाहत्या पाण्यात ते सतत हलवत धुतात, त्याला तिथे 'विछलिया' म्हणतात. कापड क्षणभर जरी एका जागी थांबलं तर सुटलेला रंग पांढऱ्या जमिनीवर बसतो आणि तो डाग जात नाही. शेवटी तांब्याच्या भांड्यात अलिझरीन हे लाल रंगद्रव्य आणि धावडीची फुलं घालून उकळणं, आणि नंतर उन्हात पसरून वरचेवर पाणी शिंपडत पांढरं उजळवणं.

यात ठसा मारणारा माणूस फोटोत छान दिसतो, म्हणून बहुतेक दुकानं त्याचंच नाव आणि चेहरा लावतात. पण विछलियाला पाण्यात उभा राहिलेला माणूस चुकला तर छपाई कितीही सुबक असो, नग दुय्यम प्रतीत जातो. भट्टीवर धग सांभाळणाऱ्याचंही तसंच. आणि ही माणसं बहुतेक वेळा संस्थेची सभासद नसतात. आसपासच्या पाड्यांतून रोजावर येणारे भिल्ल बाया-गडी असतात. फक्त सभासदांची नावं लावलीत तर पान दिसायला प्रामाणिक दिसेल, पण ओढणी कुणी केली याचं अर्धंच उत्तर देईल.

म्हणून माझा नियम असा: ज्या टप्प्यावर हाताच्या चुकीने नग बिघडतो, त्या प्रत्येक टप्प्याला नाव. बाग प्रिंटमध्ये असे तीन टप्पे मी धरते: छपाई, विछलिया आणि भट्टी. बाकीच्या टप्प्यांना गट म्हणून श्रेय द्या, जसं 'खारं आणि हिरडा: अमुक आवारातली मंडळी'. ठसा कोरणारा बहुधा दुसऱ्याच गावचा असतो. गुजरातेतलं पेथापूर ठशांसाठी नावाजलेलं आहे. ठसा कुठून आणि कुणाकडून आला हे माहीत असेल तर लिहा. जुना घरातला ठसा असेल तर 'घरातला जुना ठसा' एवढंच पुरे. 'तीनशे वर्षं जुना' असं, हातात पुरावा नसताना, लिहू नका.

वहीत प्रत्येक लॉटचं एक पान ठेवा. रकाने थोडे ठेवा, नाहीतर दोन आठवड्यांत वही रिकामी राहायला लागते. लॉट क्रमांक, नग, कापड कुठून आलं, छपाई कुणी केली, ठशांची नावं, लालला काय वापरलं, धुणं कुठे आणि कुणी केलं, भट्टीवर कोण होतं, आणि प्रत्येक टप्प्याची तारीख. भरणारी व्यक्ती एकच असावी, आणि मजुरीची नोंद करणारीच असेल तर उत्तम. कारण मग ताळा आपोआप बसतो: लॉटच्या पानावर जे नाव आहे, त्या दिवसांची मजुरी त्याच नावावर पडलेली असली पाहिजे. ती नसेल तर पानावरचं नाव सवयीने लिहिलेलं आहे, बघून लिहिलेलं नाही. महिन्यातून एकदा हे दोन कागद शेजारी ठेवून बघा, खोट लगेच सापडते.

एक उदाहरण पूर्ण करून दाखवते. समजा लॉट `BG-31`, चाळीस ओढण्या. कापड महेश्वरहून आलेलं, उभे धागे रेशमी आणि आडवे सुती. छपाई बागेत. मे महिना असल्यामुळे नदीला धार नव्हती आणि धुणं हौदात, पंपाचं पाणी चालू ठेवून केलं. लाल रंग अलिझरीनचा. पाच नगांवर पांढऱ्यात हलकी लाली उतरली, ते वेगळे काढून कमी किमतीला लावले. एवढी माहिती हातात असली की पानावरचा मजकूर असा होतो:

"कापड महेश्वरचं, रेशीम-सुती, हातमागावर विणलेलं. छपाई बाग, जिल्हा धार. ठसे लाकडाचे, दोन रंगांसाठी वेगळे. काळा रंग लोखंडाचा, लाल रंग तुरटीच्या ठशावर अलिझरीनच्या भट्टीत चढवलेला. हा लॉट उन्हाळ्यात झाला, म्हणून धुणं नदीऐवजी हौदातल्या वाहत्या पाण्यात केलं. छपाई, धुणं आणि भट्टी करणाऱ्यांची नावं खाली आहेत."

यात एकही विशेषण नाही, तरी वाचणाऱ्याला ओढणीबद्दल सहसा कुठे मिळत नाही इतकं कळतं. दुकानदारांना हौदाचं वाक्य लिहायची भीती वाटते. माझा अनुभव उलटा आहे. पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकांचे फोन नेमके या वाक्यामुळे येतात आणि ती माणसं टिकतात, कारण जिथे सांगितलं नसतं तरी चाललं असतं तिथे आपण खरं सांगितलं हे त्यांना कळतं. बागेच्या पाण्यातल्या खनिजांमुळे रंग उजळतो असं सगळीकडे लिहिलेलं सापडेल. पाणी तपासल्याचा अहवाल तुमच्याकडे नसेल तर ते वाक्य घेऊ नका. वाहतं पाणी का लागतं, याचं कारण तुम्हाला पक्कं माहीत आहे, तेवढं लिहा.

आता त्या ताईंचा प्रश्न. लाल रंग पूर्वी मंजिष्ठ किंवा आल या वनस्पतींच्या मुळांपासून काढत. आलची लागवड आपल्या माळव्यातही होत असे. मंजिष्ठेच्या कुळातल्या युरोपी मॅडरच्या मुळांतलं मुख्य रंगद्रव्य म्हणजे अलिझरीन, आणि ते १८६८ साली जर्मनीत प्रयोगशाळेत बनवता आलं. तेव्हापासून हळूहळू मुळांची जागा डब्यातल्या अलिझरीनने घेतली. आज बाजारातून आणलेली अलिझरीनची पूड वापरली असेल तर तो लाल रंग वनस्पतीपासूनचा नाही, आणि 'शंभर टक्के नॅचरल' हा दावा खोटा ठरतो. पण हिरडा, चिंचोके, धावडीची फुलं, तुरटी हे सगळं खरोखर वापरलेलं असतं. तेव्हा 'नॅचरल' हा एक शब्द पानावरून काढून टाका आणि प्रत्येक रंगापुढे त्याचा पदार्थ लिहा. एखाद्या लॉटमध्ये खरंच मंजिष्ठ वापरली असेल तर त्या लॉटच्या पानावर ठळक लिहा, किंमतही जास्त लावा. दोन्ही लॉट शेजारी ठेवता आले की ताईंना उत्तर मिळतं आणि मंजिष्ठेचा माल का महाग, हेही वेगळं सांगावं लागत नाही.

उगमाच्या बाबतीत आणखी एक गाठ सोडवावी लागेल. ओढणीला एकच 'उगम' नसतो. कापड महेश्वरचं, छपाई बागेची. दोन्ही ठिकाणं दोन ओळींत लिहा. 'महेश्वरी बाग प्रिंट' असा एकत्र शब्द मराठी गिऱ्हाइकाला आवडतो, अहिल्यादेवींचं महेश्वर म्हटलं की इंदूरच्या प्रत्येक घरात ओळख निघते, पण त्या शब्दाखाली यंत्रमागाचं कापडही खपतं. कापड हातमागाचं आहे हे विणकराच्या किंवा त्यांच्या संस्थेच्या बिलावरून सिद्ध करता येत असेल तरच तसं लिहा. नसेल तर 'सुती कापड, बाजारातून घेतलेलं' लिहायला हरकत नाही, छपाईची किंमत त्याने कमी होत नाही. जीआयचंही तसंच. बाग प्रिंटला भौगोलिक मानांकन आहे, पण १९९९च्या कायद्याप्रमाणे ते चिन्ह वापरण्याचा हक्क नोंदणीकृत अधिकृत वापरकर्त्याला असतो. संस्थेची किंवा त्या कारागिराची तशी नोंदणी नसेल तर चिन्ह लावू नका. 'छपाई बाग इथे झाली' हे खरं वाक्य लिहायला कुणाची परवानगी लागत नाही.

मुलाखती एकसारख्या का निघाल्या, याचं उत्तर प्रश्नांत आहे. 'तुमचा प्रवास सांगा', 'ही कला तुमच्यासाठी काय आहे' असं विचारलं की माणूस पाहुण्यासाठी ठेवलेलं उत्तर देतो: वाडवडिलांपासून चालत आलंय, सिंधमधून आलो, मुलांनी पुढे न्यावं. ते खोटं नसतं, पण सगळ्यांचं सारखंच असतं. त्याऐवजी काम चालू असताना जवळ बसा आणि हातातल्या कामाबद्दल विचारा. कुठला ठसा जड जातो? नग बिघडतोय हे सगळ्यात आधी कशावरून कळतं? पावसाळ्यात काय बंद ठेवता? एका छपाईवाल्यांना मी दुसरा प्रश्न विचारला तेव्हा ते म्हणाले, "रंग ज़्यादा हो गया तो ठप्पा उठाते वक़्त चिपकता है, आवाज़ से पता चल जाता है." मग त्यांनी मुद्दाम ठसा जरा जास्त भिजवून मारला आणि उचलला. चिकट, ओढल्यासारखा आवाज आला, आणि फुलाच्या पाकळीची कड पसरलेली दिसली. त्यांच्या ओळखीच्या पानावर मी तेवढंच घेतलं आणि त्याचं मराठी केलं नाही. पान मराठीत असलं तरी माणसाचं बोलणं त्याच्या बोलीत राहू द्या, खाली एका ओळीत अर्थ द्या.

ओळखीचं पान सव्वाशे-दीडशे शब्दांचं पुरतं. नाव, गाव, कुठल्या टप्प्यावर काम, कुणाकडे शिकले, आणि एक अशी गोष्ट जी त्याच माणसाला सांगता येते. गरिबी, आजारपण, कर्ज, जात, मुलांची नावं आणि शाळा यातलं काहीही घेऊ नका, त्यांनी आपणहून सांगितलं तरी. ओढणी घेणाऱ्याला याचा उपयोग नाही, आणि गावात ते पान शेजारचाही मोबाइलवर वाचतो.

फोटोंबद्दल एक खास बागेची अडचण सांगते. छपाईच्या टेबलावर लाल रंग लाल दिसत नाही. तो भट्टीनंतर येतो. छापतानाचा फोटो पिवळट कापडावर फिकट दिसतो आणि खाली विकायला ठेवलेली ओढणी लालभडक. गिऱ्हाईक समजतं की फोटो दुसऱ्याच मालाचा आहे. म्हणून प्रत्येक फोटोखाली टप्पा लिहा: 'छपाईनंतर, भट्टीच्या आधी'. जमलं तर एकाच ठशाचे दोन फोटो जोडून लावा, आधीचा आणि नंतरचा. या जोडीइतकं काम दुसरा कुठलाही फोटो करत नाही.

संमतीचा भाग घाईने उरकू नका. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचं सूत्र असं आहे की संमती समजून-उमजून दिलेली असावी आणि मागे घेणं देण्याइतकंच सोपं असावं. कागदावर सही घेऊन हे साधत नाही. मी तयार पान फोनवर उघडून दाखवते, त्यांच्या भाषेत मोठ्याने वाचून दाखवते आणि मग विचारते. मजुरीच्या दिवशी कधीच विचारत नाही. पैसे हातात पडायचे असताना 'नाही' म्हणणं कुणालाच जमत नाही. चार पर्याय समोर ठेवते: नाव आणि चेहरा, फक्त नाव, फक्त हातांचा फोटो, किंवा काहीच नाही. पुष्कळ बाया नाव देतात आणि चेहरा देत नाहीत, आणि हातांच्या फोटोने पान काही उणं दिसत नाही. अठरा वर्षांखालच्या कुणाचाही फोटो नको, मागे उभं राहिलेलं मूलसुद्धा कापून टाका.

संमती मागे घेता यायची असेल तर नाव आणि फोटो छापील टॅगवर येताच कामा नये. टॅगवर लॉट क्रमांक आणि क्यूआर कोड एवढंच ठेवा. कोड `/lot/BG-31` या पानावर जातो, तिथून माणसांच्या पानांवर. माणसाच्या पानाच्या पत्त्यात नाव घालू नका, `/karigar/k014` असं ठेवा. मग कुणी फोन करून 'माझं काढा' म्हटलं की एक पान बंद होतं, लॉटच्या पानावर 'छपाई: नाव दिलेलं नाही' असं दिसतं, आणि विकल्या गेलेल्या शेकडो टॅगांना हात लावावा लागत नाही.

दुकानाच्या सॉफ्टवेअरमध्ये म्हणजे तीन वेगळ्या नोंदी झाल्या: माणूस, लॉट, वस्तू. वस्तू लॉटला जोडलेली, लॉट माणसांना जोडलेला. शॉपिफायमध्ये हे मेटाऑब्जेक्टने होतं, वूकॉमर्समध्ये वेगळा पोस्ट प्रकार करून. कारागिराची गोष्ट थेट वस्तूच्या वर्णनात चिकटवली तर काय होतं ते सांगते. `BG-31` संपतो, त्याच नमुन्याचा `BG-36` येतो, गोदामातला माणूस फक्त नगसंख्या वाढवतो, आणि पानावर जुन्याच छपाईवाल्याचं नाव राहतं. गिऱ्हाइकाला चुकीचं नाव कळतंच, शिवाय ज्याने खरं काम केलं तो पान बघतो तेव्हा त्याला दुसऱ्याचा चेहरा दिसतो. हे टाळायला नवा लॉट आला की तो वेगळा पर्याय म्हणून चढवा, आणि आठवड्यातून एकदा मांडणीवरून कुठलीही पाच पाकिटं उचलून कोड स्कॅन करा. टॅगवरचा लॉट, पानावरचा लॉट आणि वहीतला लॉट जुळला पाहिजे.

थोडक्यात क्रम असा: आधी वही, मग एका लॉटचं पान, मग त्या लॉटमधल्या माणसांची पानं. सगळ्या कारागिरांच्या मुलाखती एकदम घ्यायला जाऊ नका. पुढच्या एका लॉटबरोबर सुरुवातीपासून शेवटपर्यंत चला, विछलियाच्या आणि भट्टीच्या दिवशी तिथे हजर राहा.

राहिला आता गोदामात असलेला जुना माल, ज्याची नोंदच नाही. त्याच्या पानावर अंदाजाने नाव लावू नका आणि मिळत्याजुळत्या लॉटची माहिती उचलू नका. 'छपाई बाग, जिल्हा धार. या मालाची लॉटवार नोंद ठेवलेली नाही' एवढंच लिहा आणि तो संपेपर्यंत तसंच राहू द्या.